नकाशाच्या फोटोवरचं १:१०० : एका प्रतिक्रियेला उत्तर

“नकाशावर १:१०० लिहिलेलं असतं, प्रत्येक खोलीची लांबी-रुंदीही छापलेली असते. पट्टी लावली की झालं. दार कुठे उघडतं, खिडकीच्या रेघा किती, हे वाचत बसायला सांगून तुम्ही घर घेणाऱ्यांना उगाच घाबरवताय.” – एक वाचक, ठाणे

नमस्कार,

१:१०० हे प्रमाण मूळ कागदाचं असतं. आर्किटेक्टने ज्या आकाराच्या कागदासाठी नकाशा काढला, त्याच कागदावर एक सेंटिमीटर म्हणजे एक मीटर. सेल्स ऑफिसातल्या भिंतीवरच्या नकाशाचा फोटो व्हॉट्सॲपवर आला आणि तुम्ही तो ए-फोरवर छापला, की त्या आकड्याला काही अर्थ उरत नाही. नकाशावर खुणा केलेली प्रमाणपट्टी काढलेली असेल तर ती चित्राबरोबरच लहान-मोठी होते, म्हणून ती जास्त भरवशाची. पण फोटो तिरका असेल तर तीही एकाच दिशेपुरती खरी.

पुण्यातल्या टू बीएचकेचा असा एक फोटो घेऊ. बेडरूमवर ३.३५ × ३.०५ मीटर लिहिलंय, म्हणजे साधारण ११ बाय १० फूट. छापलेल्या कागदावर ३.३५ ची आडवी भिंत ६७ मिलिमीटर भरते, म्हणजे एक मिलिमीटरला पाच सेंटिमीटर. त्या हिशेबाने ३.०५ ची उभी भिंत ६१ भरायला हवी, ती भरते ५८. फोटो काढताना मोबाइल कलला आणि नकाशा उभ्या दिशेने दबला.

हे पडताळायला दाराचं चिन्ह फार कामाला येतं. दाराची उघडी फळी सरळ रेघेने दाखवतात आणि ती फिरते तो मार्ग पाव वर्तुळाने. फळी काटकोनात उघडी काढलेली असेल तर तिची लांबी आणि भिंतीतल्या फटीची रुंदी सारखीच हवी. आपल्या फोटोत फट १८ मिलिमीटर आहे, फळी १७. दार ९० सेंटिमीटरचं आहे हे त्यातून कळलं, आणि उभ्या दिशेला वेगळा हिशेब धरायला हवा हेही कळलं. तिथे एक मिलिमीटर म्हणजे जवळजवळ ५.३ सेंटिमीटर.

आता छापील मापं पुरेशी आहेत का ते बघा. याच दाराची बिजागरी कोपऱ्यापासून ६ मिलिमीटरवर आहे, म्हणजे ३० सेंटिमीटर. दार उघडलं की फळी बाजूच्या भिंतीला समांतर येते आणि मागे फक्त ३० सेंटिमीटरची पोकळी राहते. कपाटाला पुढून मागे दोन फूट, म्हणजे ६० सेंटिमीटर जागा लागते. त्यामुळे दहा फुटी भिंतीतले सुरुवातीचे तीन फूट दारात गेले, कपाटाला सातच उरले. दाराची बाजू बदलून मिळेल का, हे बुकिंगच्या आधी विचारण्यात अर्थ आहे. शिवाय ‘११ बाय १०’ हे बऱ्याचदा प्लॅस्टरआधीचं माप असतं. आतलं प्लॅस्टर सुमारे १२ मिलिमीटरचं धरलं तर समोरासमोरच्या दोन भिंती मिळून अडीच सेंटिमीटर जातात. मापलेल्या कोनाड्यात जेमतेम बसणारा फ्रिज तेवढ्यानेच अडतो.

खिडकीच्या बाबतीत मी जास्त आग्रही आहे. भिंतीच्या जाडीत दोन-तीन बारीक समांतर रेघा ही तिची खूण. व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटोची स्पष्टता कमी होते तेव्हा या रेघा एकमेकींत मिसळून राखाडी पट्टा होतो आणि खिडकी भिंतीसारखी दिसते. शेजारचं ‘डब्ल्यू’ अक्षर शोधा, बाथरूमच्या झरोक्याला ‘व्ही’ असतं. मग खिडकीच्या पलीकडे काय काढलंय ते बघा. लहान चौकोनात तिरप्या फुलीच्या रेघा असतील तर तो पाइपांसाठी मोकळा ठेवलेला उभा डक्ट आहे. स्वयंपाकघराची खिडकी त्यात उघडत असेल तर उजेड कमी आणि वरच्या-खालच्या घरांचे वास हमखास, हे खोलीच्या लांबी-रुंदीवरून कधीच कळणार नाही. खिडकी जमिनीपासून किती उंचीवर आहे हेही नकाशात दिसत नाही. त्यासाठी दारं-खिडक्यांचा तक्ता मागा.

एका बाबतीत मात्र फोटोवर पट्टी लावूच नका, ती म्हणजे भिंतीची जाडी. वरच्या हिशेबाने दहा सेंटिमीटरची भिंत दोन मिलिमीटर दिसेल आणि पंधराची तीन. फोटोत रेघ फुगली तरी एवढा फरक पडतो. जाहिरातीच्या नकाशात कॉलम आणि विटांची भिंत बऱ्याचदा एकाच काळ्या रंगात भरलेली असतात, आणि ॲल्युमिनियमच्या साच्यात भिंती ओतण्याच्या मायवान पद्धतीच्या इमारतीत तर बहुतेक आतल्या भिंतीही काँक्रीटच्याच असतात, तोडता न येणाऱ्या. हॉल आणि छोटी खोली एक करायचा विचार असेल तर स्ट्रक्चरल ड्रॉइंग मागून घ्या, आणि महारेराच्या संकेतस्थळावर त्या प्रकल्पाच्या पानावर ठेवलेला मंजूर नकाशा उतरवून फोटोशेजारी ठेवून बघा.