शनि आला म्हणजे 'नाही' असं केपीत कुठेच नाही

केपी म्हणजे कृष्णमूर्ती पद्धतीच्या ज्योतिषाबद्दलचा एक मेसेज असा: "केपी एकदम सोपं आहे. भावाचा सब लॉर्ड गुरू किंवा शुक्र असेल तर उत्तर हो, शनि-राहू-केतू असेल तर नाही. 1 ते 249 मधला नंबर सांगा, मिनिटात उत्तर. 100% सायंटिफिक."

यातला हो-नाहीचा नियमच चुकलाय. कृष्णमूर्तींच्या पद्धतीत प्रत्येक नक्षत्राचे नऊ असमान भाग म्हणजे सब पाडतात, आणि भावाचा आरंभ ज्या सबमध्ये पडतो त्याचा स्वामी ग्रह म्हणजे सब लॉर्ड. तो स्वभावाने शुभ की पापी यावर हो-नाही ठरतच नाही, तो कुठल्या भावांचा कार्येश आहे, म्हणजे कुठल्या भावांची फळं देतो, यावर ठरतं. आणि ते बघायचं तर आधी तो ज्या नक्षत्रात बसलाय त्या नक्षत्राचा स्वामी कुठल्या भावात आहे आणि कुठल्या भावांचा मालक आहे ते बघा, त्याचं स्वतःचं बसणं आणि मालकी त्यानंतर.

एक उदाहरण घेऊ. समजा मुंबईतच जन्मलेला मुलगा आहे, बँकेची परीक्षा दिलीय, नोकरी लागेल का विचारतोय. वृषभ लग्न, दहाव्या भावाचा आरंभ मकर 29 अंशावर. मकरेत 23 अंश 20 कलांपासून धनिष्ठा लागतं, त्यात मंगळ, राहू, गुरू असे सब संपून 27 अंश 53 कलांच्या थोडं पुढे शनीचा सब सुरू होतो तो रास संपेपर्यंत. म्हणजे दहाव्याचा सब लॉर्ड शनि. वरच्या मेसेजप्रमाणे विषय संपला, पोरगा घरी बसणार.

आता शनि बघा. तो मीनेत अकराव्या भावात, रेवती नक्षत्रात. रेवतीचा स्वामी बुध, आणि बुध तूळ राशीत सहाव्या भावात बसलाय, शिवाय दुसऱ्या भावाचा मालक आहे. नोकरीला आपण 2, 6, 10, 11 बघतो. बुधामुळे 6 आणि 2 आले, शनि स्वतः 11 मध्ये आणि 10 चा मालक, म्हणजे चारही भाव लागले. बुध पाचव्याचाही मालक आहे आणि पाचवा म्हणजे सहाव्याचा व्यय, म्हणजे त्याच्या आधीचा, त्याचं फळ खर्ची घालणारा भाव, शनीकडे नववाही आहे जो दहाव्याचा व्यय, त्यामुळे थोडी खेचाखेच राहणार, पण पारडं सरळ होकाराकडे झुकलंय. उत्तर आहे 'हो', आणि ते शनीने दिलंय.

गुरू आला की हो, याचंही तसंच. हीच पत्रिका, फक्त जन्मवेळ पाच मिनिटं मागे घ्या, दहाव्याचा आरंभ साधारण 27 अंश 43 कलांवर येतो आणि सब लॉर्ड होतो गुरू. बाकी ग्रह तिथेच आहेत बरं का. गुरू मकरेत नवव्या भावात, श्रवण नक्षत्रात, म्हणजे नक्षत्रस्वामी चंद्र, तो बाराव्यात आणि 3-4 चा मालक. गुरूची अकराव्याची मालकी आहे, पण ती सगळ्यात कमकुवत कडी आणि सोबत आठवाही येतो. 12, 3, 9, 8 असं सगळं असताना नोकरीला हो कोण म्हणेल?

म्हणजे मेसेजचा नियम लावला तर दोन्ही वेळा उलटं उत्तर मिळतं. आणि मला सगळ्यात जास्त त्रास होतो तो इथे, की पाच मिनिटांत उत्तर फिरतं हे लोकांना कोणी सांगतच नाही. आई म्हणते संध्याकाळी दिवेलागणीनंतर झाला, हॉस्पिटलच्या कागदावर 7:40 असं गोल करून लिहिलेलं, आणि त्यावर सब लॉर्ड काढून पोराला सांगून टाकायचं की तुझ्या नशिबात नोकरी नाही? सूर्याचा सब तर फक्त 40 कलांचा असतो, लग्न तो साधारण तीनेक मिनिटांत ओलांडतं. म्हणून भावारंभ सबच्या सीमेजवळ असेल तर आधी वेळ थोडी मागे-पुढे करून बघा, सब लॉर्ड बदलत असेल तर रूलिंग प्लॅनेट्स, म्हणजे प्रश्न बघतानाच्या क्षणाचे स्वामी ग्रह, लावून वेळ शुद्ध करा, तोवर हो-नाही बोलू नका.

नंबरचं म्हणाल तर 249 हा आकडा सबचाच आहे. 27 नक्षत्रांचे प्रत्येकी नऊ म्हणजे 243, त्यातले सहा सब राशीच्या सीमेवर तुटतात म्हणून 249. नंबरने जन्मवेळेची अडचण टळते, पण त्यातून फक्त लग्न मिळतं, पुढे भावारंभ, नक्षत्रस्वामी, कार्येश हे सगळं करावंच लागतं. आणि 'हो' आलं तरी कधी ते दशा-अंतर्दशा सांगते, त्या भावांच्या कार्येशांची दशा जवळपास नसेल तर आज आलेल्या होकाराचा त्या मुलाला या भरतीत काही उपयोग नाही.

100% सायंटिफिक हे तर लिहूच नका. मी ही पद्धत मनापासून वापरतो, तिचं गणित काटेकोर आहे, पण गणित काटेकोर असणं आणि भाकीत प्रयोगाने सिद्ध होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी झालेली नाही. कोणी नोकरी सोडू का म्हणून विचारायला आला तर त्याला हेही सांगा.