अकॅडमीचं सर्टिफिकेट आणि विमानाचा दरवाजा

‘बारावीनंतर सहा महिन्यांचा कोर्स करा. सरकारमान्य आणि आयाटा सर्टिफिकेट, १०० टक्के प्लेसमेंट. सर्टिफिकेट नसेल तर एअरलाइन मुलाखतीलाही बोलावत नाही.’

केबिन क्रू आणि ग्राउंड स्टाफचे कोर्स विकणाऱ्या अकॅडम्यांची जाहिरात साधारण अशी असते. तिच्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण बाकीचा डोलारा त्यावरच उभा आहे. केबिन क्रूच्या भरतीची कुठलीही जाहिरात एअरलाइनच्या स्वतःच्या साइटवर वाचा. वय, शिक्षण, उंची किंवा हात किती वर पोचतो, भाषा, कपड्याबाहेर दिसणारे टॅटू, कुठे कुठे पोहणं. अकॅडमीचा डिप्लोमा सहसा या यादीत नसतोच. विमानात ड्यूटी करण्यासाठी लागणारं सुरक्षा प्रशिक्षण निवड झाल्यावर एअरलाइनच देते आणि ते विमानाच्या प्रकाराशी बांधलेलं असतं.

हे नुसतं कागदी बंधन नाही. एअरबस ए३२० चा दरवाजा ‘आर्म’ करायचा, म्हणजे उघडताच आपत्कालीन घसरगुंडी फुगेल असा सज्ज करायचा, तर एक लिव्हर फिरवावा लागतो. घसरगुंडीची दांडी जमिनीला अडकवण्याचं काम आतली यंत्रणा करते. बोइंग ७३७ वर मात्र खाली वाकून तीच दांडी हाताने जमिनीवरच्या खाचांत बसवायची आणि खिडकीवर लाल पट्टी आडवी लावायची. डिप्लोमा घेऊन आलेली एक मुलगी सरावात थेट हँडलकडे गेली. दरवाजा उघडला, पण दांडी अडकवलेलीच नव्हती, म्हणजे घसरगुंडी फुगलीच नसती. अकॅडमीत ती एकाच नकली दरवाजावर शिकली होती. तो कुठल्या विमानाचा, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

‘सरकारमान्य’ हा शब्द देशागणिक वेगळा अर्थ धरतो. युरोपात केबिन क्रूचं अधिकृत प्रमाणपत्र खरोखर असतं आणि मंजुरी मिळालेली खासगी संस्थाही ते देऊ शकते. तरी त्यानंतर एअरलाइनचं विमानप्रकाराचं प्रशिक्षण चुकत नाही, आणि ६० महिने कुठल्याच विमानावर काम केलं नाही तर ते प्रमाणपत्र बाद होतं. अमेरिकेत प्रमाणपत्रासाठी अर्ज एअरलाइन करते, शाळा नाही. भारतात विमान वाहतुकीचा सरकारी नियामक डीजीसीए केबिन क्रूला वैमानिकासारखं लायसन्स देत नाही. म्हणून अकॅडमीला एवढंच विचारा: मान्यता कुणाची, नेमक्या कुठल्या कोर्सला, क्रमांक काय? मग तो क्रमांक नियामकाच्या यादीत स्वतः शोधा. पुष्कळदा पुढे येतो आयएसओचा कागद. तो संस्थेच्या कामकाजाच्या पद्धतीबद्दल असतो, कोर्सच्या मान्यतेबद्दल नाही.

आयाटा ही विमान कंपन्यांची संघटना आहे, सरकार नव्हे. तिचे कोर्स खरे असतात, परीक्षाही खरी असते आणि अधिकृत केंद्रांची यादी तिच्या साइटवर मिळते. त्या अभ्यासाने विषय कळतो. विमानात किंवा विमानतळावर काम करायचा परवाना मिळत नाही. सर्टिफिकेटवर सही आयाटाची की फक्त अकॅडमीची, हे नमुना मागून बघावं. ‘आयाटा अभ्यासक्रमावर आधारित’ म्हणजे बहुतेक वेळा दुसरं.

ग्राउंड स्टाफच्या बाबतीत सगळ्यात जास्त विकला जातो तो धोकादायक मालाचा कोर्स. विषय महत्त्वाचा आहे, चेक-इन काउंटरवर सुटी लिथियम बॅटरी ओळखता यायलाच हवी. पण हे प्रशिक्षण २४ महिन्यांच्या आत पुन्हा घ्यावं लागतं, ते कामाच्या स्वरूपाप्रमाणे बदलतं आणि नोकरी देणाऱ्यालाच त्याची खात्री करावी लागते. नोकरीच्या वर्षभर आधी काढलेलं सर्टिफिकेट म्हणजे निम्मी मुदत संपलेली. विमानतळाच्या आतला पासही नोकरी देणाऱ्यामार्फतच निघतो; ‘विमानतळावर इंटर्नशिप’ म्हटलं की पास कोण काढणार, हे विचारा.

राहिले १०० टक्के. समजा ४० जणांनी प्रवेश घेतला, २६ जणांनी कोर्स पुरा केला. त्यातले १८ ‘पात्र’ ठरवले गेले आणि त्या १८ जणांना कुठलं ना कुठलं नियुक्तिपत्र मिळालं: १२ जणांना हॉटेल, दुकान किंवा कॉल सेंटरचं, पाच जणांना ग्राउंड हँडलिंग एजन्सीचं, एकीला केबिन क्रूचं. १८ पैकी १८, हिशोब चोख! विमानतळ आणि विमान मिळून आकडा मात्र ४० पैकी सहा, म्हणजे १५ टक्के. म्हणून प्रवेश घेतलेल्यांचा आकडा मागायचा, आणि नियुक्तिपत्रावर कुणाचं नाव नि कुठलं पद आहे तेही.

इंग्रजी बोलण्याचा सराव, मुलाखतीची तयारी, चेक-इन प्रणालीची तोंडओळख यांसाठी कुणाला वर्ग लावावासा वाटला तर जरूर लावावा. फक्त फी त्या तीन गोष्टींच्या तोलाची आहे का, तेवढं पाहावं, आणि फी परत मिळण्याची अट तोंडी न घेता पावतीवर लिहून घ्यावी.