गोळी बीपीची, मग खोकला कुठून? एका प्रतिक्रियेला उत्तर

“तुमचा लेख वाचला. डॉक्टर नसताना नेटवरून चार गोष्टी उचलायच्या आणि लोकांना घाबरवायचं, हे सोपं असतं. गोळी बीपीची, काम करते रक्तवाहिन्यांवर, मग ती घशात खोकला कसा आणेल? ब्रॅडिकायनिन वगैरे नुसती थिअरी आहे. माझे काका आठ वर्षं रामिप्रिल घेतात, एकदाही ढास लागली नाही. असलं वाचून कोणी गोळी बंद केली तर जबाबदार कोण?”

नमस्कार. रामिप्रिलसारख्या बीपीच्या काही गोळ्यांनी काही लोकांना कोरडा खोकला लागतो आणि त्यामागे शरीरातला ब्रॅडिकायनिन हा पदार्थ असतो, असं मी आधीच्या लेखात लिहिलं होतं. त्यावरच्या तुमच्या प्रतिक्रियेत प्रश्न एकच आहे, बाकी सगळं माझ्याबद्दल आहे. प्रश्नाचं उत्तर सविस्तर देते, पण आधी दुसऱ्या भागाबद्दल दोन शब्द. मी डॉक्टर नाही, हे मी ब्लॉगवर पहिल्यापासून लिहिलेलं आहे. मी औषधशास्त्र शिकवते. एसीई नावाचं एन्झाइम आणि त्याला रोखणारी रामिप्रिलसारखी औषधं हा वर्गात दरवर्षी येणारा विषय आहे. ‘नेटवरून उचललं’ असं लिहिण्याआधी एखादं वाक्य दाखवून ‘हे चूक आहे’ असं म्हणाला असतात, तर आपलं बोलणं बरोबरीनं झालं असतं. तसं एकही वाक्य तुम्ही दाखवलेलं नाही. अनोळखी माणसाशी बोलायची ही रीत मला पटत नाही आणि हे मी मनात ठेवणार नाही.

आता तुमचा प्रश्न. रक्तवाहिन्यांवर काम करणारी गोळी आणि घशातला खोकला या दोन वेगळ्या जागा आहेत, असं तुम्ही गृहीत धरलंत. सगळी गफलत तिथेच आहे. या गोळ्या ज्या एन्झाइमला अडवतात, ते एसीई रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरावर बसलेलं असतं, आणि शरीरात त्याचा सगळ्यात दाट साठा कुठे आहे? फुप्फुसांतल्या केशवाहिन्यांमध्ये. शरीरभर फिरून आलेलं रक्त ऑक्सिजन घ्यायला फुप्फुसांतूनच जातं, त्यामुळे एका फेरीत जवळजवळ सगळं रक्त या एन्झाइमला घासून पुढे जातं. श्वासनलिकांच्या आसपासही ते असतं. म्हणजे बीपीची गोळी घेतली की तिचं एक मोठं कार्यक्षेत्र छातीतच असतं.

या एन्झाइमला कात्री समजा. मूत्रपिंडाकडे रक्ताचा दाब कमी पडला किंवा मीठ कमी पोहोचलं की तिथून रेनिन सुटतं. यकृतात तयार होऊन रक्तात फिरणाऱ्या एका मोठ्या प्रथिनाचा १० अमिनो आम्लांचा तुकडा रेनिन तोडतं. तो अँजिओटेन्सिन-१, त्याची स्वतःची ताकद फारशी नसते. एसीई त्याच्या टोकाची दोन अमिनो आम्लं कापतं आणि उरतो ८ अमिनो आम्लांचा अँजिओटेन्सिन-२. हा मात्र जबर असतो. तो धमन्यांचे स्नायू आवळतो, शिवाय मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीकडून अल्डोस्टेरॉन सोडवून घेतो, आणि त्यानं शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवलं जातं. अरुंद नळी आणि वाढलेलं पाणी, दोन्हींनी दाब चढतो. एनालाप्रिल, रामिप्रिल, लिसिनोप्रिल, पेरिंडोप्रिल या गोळ्या कात्रीच्या पात्यांमध्ये जाऊन बसतात. अँजिओटेन्सिन-२ कमी बनतो, धमन्या सैल होतात, अल्डोस्टेरॉन उतरतं आणि बीपी खाली येतं. इथवर बहुधा तुमचीही हरकत नसावी.

पण कात्रीला फक्त एकच कापड कापता येतं, असं कुणी सांगितलं? हेच एसीई रक्तवाहिन्या सैल करणारं ब्रॅडिकायनिनही कापतं. ब्रॅडिकायनिन ९ अमिनो आम्लांचं असतं, त्याचीही टोकाची दोन तोडली की ते निकामी होतं. एरवी ते रक्तात काही सेकंदच टिकतं आणि फुप्फुसांतल्या एका फेरीतच त्याचा बहुतेक भाग संपतो. म्हणजे एकच एन्झाइम दाब चढवणारा रेणू तयार करतं आणि दाब उतरवणारा रेणू मोडतं. गोळीनं कात्री बंद केली की दोन्ही कामं एकदम थांबतात. अँजिओटेन्सिन-२ घटतो आणि ब्रॅडिकायनिन साठत जातं. साठलेलं ब्रॅडिकायनिन रक्तवाहिन्यांच्या अस्तराकडून नायट्रिक ऑक्साइड आणि प्रोस्टासायक्लिन बाहेर काढतं, त्यानं वाहिन्या आणखी सैल होतात. बीपी उतरण्यातला थोडा वाटा त्याचाच असतो.

तेच ब्रॅडिकायनिन श्वासनलिकेच्या भिंतीत साठतं तेव्हा तिथल्या संवेदी मज्जातंतूंना चेतवतं. व्हेगस नर्व्हच्या या बारीक शाखांचं काम धूर, धूळ, अन्नाचा कण आत आला की खोकून बाहेर काढायला लावणं हे आहे. ब्रॅडिकायनिन आणि त्यामुळे सुटणारी प्रोस्टॅग्लँडिन्स ही रसायनं या मज्जातंतूंचा उंबरठा खाली आणतात. मग गार हवेची झुळूक, जोरात हसणं, फोनवर चार वाक्यं सलग बोलणं एवढ्यानंही ठसका लागतो. कफ नसतो, कारण बाहेर काढण्यासारखं तिथे काही नसतंच.

‘नुसती थिअरी’ हा शब्द मला सगळ्यात जास्त लागला, म्हणून त्यावर थोडं जास्त लिहिते. ब्राझीलमध्ये जराराका नावाचा विषारी साप असतो. त्याच्या विषात ब्रॅडिकायनिनचा परिणाम वाढवणारं काहीतरी आहे, हे संशोधक सर्जिओ फेरेरा यांनी १९६५ मध्ये दाखवलं. पुढे उलगडलं की विषातले ते पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या, ब्रॅडिकायनिन मोडणाऱ्या एन्झाइमला अडवतात, आणि तेच एन्झाइम अँजिओटेन्सिन-२ तयार करतं. त्या पेप्टाइडपासून बनवलेलं औषध टोचावं लागे. मग कुशमन आणि ऑन्डेटी यांनी गोळीतून देता येईल असं कॅप्टोप्रिल घडवलं, त्याला १९८१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. म्हणजे या औषधांचा शोधच ब्रॅडिकायनिनचा माग काढत लागला. खोकल्याचं कारण मागाहून जुळवायला कुणी हे नाव उकरून काढलेलं नाही.

खोकल्याचे पुरावेही आहेत. मिरचीतलं कॅप्सेसिन हुंगवून खोकला किती लवकर येतो हे मोजता येतं. या गोळ्यांनी खोकणाऱ्यांना एरवीपेक्षा कमी कॅप्सेसिननं खोकला येतो आणि गोळी थांबवल्यावर तो उंबरठा पूर्ववत होतो. गिनीपिगना कॅप्टोप्रिल दिलं की त्यांचा खोकला वाढतो, आणि ब्रॅडिकायनिन पेशीवर जिथे जाऊन बसतं तो रिसेप्टर बंद करणारं औषध दिलं की ती वाढ थांबते. एक गोष्ट तुमच्या बाजूनं मान्य करते. ब्रॅडिकायनिन एकटं नाही. सबस्टन्स पी नावाचा आणखी एक पेप्टाइड हेच एन्झाइम मोडतं, आणि तोही साठून त्याच मज्जातंतूंना डिवचतो. माणसात कुणाचा वाटा किती, हे अजून नेमकं ठरलेलं नाही. पण वाटा ठरायचा आहे म्हणून सगळंच हवेतलं म्हणायचं, हा न्याय नव्हे.

तुमच्या काकांना ढास लागली नाही याचा मला खरंच आनंद आहे. पण त्यावरून काय सिद्ध होतं? हा खोकला साधारण ५ ते २० टक्के लोकांना होतो, म्हणजे बहुतेकांना होतच नाही आणि तुमचे काका त्या बहुतेकांत आहेत. ब्रॅडिकायनिन मोडणारी दुसरी एन्झाइमही शरीरात असतात, ती कुणात जोरकस तर कुणात मंद असतात. मज्जातंतूंचा हळवेपणाही सारखा नसतो. बायकांमध्ये आणि चिनी वंशाच्या लोकांमध्ये हा खोकला जास्त आढळतो. डोस कमी करून तो सहसा जात नाही.

माझ्या वडिलांचं उदाहरण देते, कारण ‘लोकांना घाबरवणं’ हा आरोप त्यामुळेच मला जास्त टोचला. त्यांना एनालाप्रिल सुरू झालं, बीपी छान आटोक्यात आलं आणि काही आठवड्यांनी घशात खवखव सुरू झाली. रात्री आडवं झालं की ढास, बोलता बोलता वाक्य अर्धवट तुटायचं, डोळ्यांत पाणी यायचं. छातीचा एक्स-रे स्वच्छ होता, ताप नाही, कफ नाही. त्यांना खोकल्याची औषधं झाली, अँटिबायोटिक झालं, आम्लपित्ताची गोळी झाली. औषधांची यादी मात्र कुणी हातात घेतली नाही. शेवटी एका तरुण डॉक्टरनं पहिला प्रश्न विचारला तो ‘बीपीची कुठली गोळी आहे?’ हाच. त्यांनी एनालाप्रिलच्या जागी टेल्मिसार्टन दिलं. खोकला दुसऱ्या दिवशी गेला नाही. आधी रात्रीची ढास विरळ झाली, मग दिवसाची, आणि काही आठवड्यांत ते सलग बोलू लागले. माझ्या घरी घडलेली ही गोष्ट तुम्ही ‘थिअरी’ म्हणून झटकून टाकलीत.

टेल्मिसार्टन किंवा लोसार्टननं हा खोकला का होत नाही, यातही तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे. ही औषधं कात्रीला हात लावत नाहीत. अँजिओटेन्सिन-२ जिथे जाऊन बसतो तो रिसेप्टर ती अडवतात, त्यामुळे एन्झाइम मोकळं राहतं आणि ब्रॅडिकायनिन मोडत राहतं. २००८ मध्ये आलेल्या ऑनटार्गेट अभ्यासात २५ हजारांहून जास्त रुग्ण होते. खोकल्यामुळे औषध सोडणारे रामिप्रिल गटात ४.२ टक्के होते, टेल्मिसार्टन गटात १.१ टक्के. आणि औषध न सोसणाऱ्यांना त्या अभ्यासात सुरुवातीलाच वगळलं होतं, तरीही एवढा फरक राहिला.

जबाबदारीचं विचारलंत. मी गोळी बंद करा असं कुठेही लिहिलेलं नाही, लेख पुन्हा वाचा. हार्ट अ‍ॅटॅकनंतर किंवा हृदय कमजोर असताना ही गोळी जीव वाचवायला दिलेली असते, ती आपल्या मनानं सोडणं धोक्याचं आहे. डॉक्टरांना ‘खोकला या गोळीनंतर सुरू झाला’ एवढं सांगायचं आणि बदलून मागायची. बदलल्यावर खोकला साधारण १ ते ४ आठवड्यांत जातो, कधी तीन महिनेही लागतात, म्हणून चौथ्या दिवशी निराश व्हायचं नाही. खोकल्याबरोबर कफ किंवा ताप असेल, आडवं झाल्यावर दम लागत असेल, पाय सुजत असतील, तर दोष गोळीवर ढकलून बसू नये. तो खोकला हृदयाचा किंवा फुप्फुसाचा असू शकतो.

काकांना त्रास नसेल तर त्यांची गोळी बदलायचं काहीच कारण नाही. एवढंच त्यांना सांगून ठेवा की ओठ, जीभ किंवा चेहरा अचानक सुजला तर पुढची गोळी घ्यायची नाही आणि तडक हॉस्पिटल गाठायचं. ही सूजही ब्रॅडिकायनिनचीच करणी असते. क्वचित होते, पण गोळी वर्षानुवर्षं बिनबोभाट चालल्यानंतरही होऊ शकते, आणि श्वासाची वाट बंद होऊ शकते.