नवी बॅटरी आहे ना, मग दुर्लक्ष कर म्हणे!

आज डोकं फिरलंय, लांबलचक लिहिणार आहे. भाच्याचा दहाचा पेपर गंगापूर रोडला, आणि साडेनऊला तो द्वारका चौकात, भर पावसात, बंद पडलेल्या गाडीत. घरच्या ग्रुपवर लगेच निकाल: "आजकालच्या पोरांना गाडीची काळजीच नाही."

अहो, त्या जुन्या हॅचबॅकमध्ये बॅटरीचा लाल दिवा कालच लागला होता. पोराने घरी विचारलंही. आमचे दाजी म्हणाले, "महिन्यापूर्वी नवी टाकलीये, दुर्लक्ष कर." पोराने ऐकलं!

तो दिवा बॅटरी जुनी की नवी हे सांगतच नाही. इंजिन चालू असताना तो पेटलेला राहिला, तर इंजिनच्या जोरावर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरकडून चार्जिंग येत नाहीये. म्हणजे गाडी चालतेय ती साठवलेल्या करंटवर. काल कॉलेजला जाऊन आला, त्यात अर्धी बॅटरी गेली असणार. आज नाशिक रोडहून निघताना पाऊस, म्हणून हेडलाइट, वायपर, काचेवरची वाफ घालवायला ब्लोअर. नुसते हेडलाइटच नऊ-दहा अँपिअर खातात. पोराने सगळं क्रमाने सांगितलं: आधी वायपर मंदावले, मग ब्लोअरचा आवाज बसला, मग इंजिन आचके देऊन बंद.

त्याला स्कूटरवर कॉलेजला सोडलं. दहा मिनिटं उशीर झाला, पण बसू दिलं. वाटेत माझ्या मागे बसून "मामा, मी विचारलं होतं हो" एवढंच म्हणत होता बिचारा.

परत येऊन एका टेम्पोवाल्याकडून केबल लावून गाडी सुरू केली आणि मीटर लावला. चालू इंजिनला बॅटरीवर 13.8 ते 14.4 व्होल्टच्या आसपास हवेत. इथे 11.9, आणि उतरतच होते. अल्टरनेटर फिरवणारा बेल्ट शाबूत, ताणही ठीक. इलेक्ट्रिशियनने अल्टरनेटर उघडला तर कार्बन ब्रश झिजून संपलेले. अहो, ज्याने महिन्यापूर्वी बॅटरी विकली त्याने मीटर लावून हीच दोन मिनिटांची तपासणी केली असती तर? जुनी बॅटरी मुळात खराब होती की नुसती उपाशी, देव जाणे!

बरं, पेपरच्या दिवशी दिवा पेटलेला दिसल्यावर रिक्षा करायला हवी होती. मान्य. निघालाच होता तर ब्लोअर बंद ठेवून, इंजिन न थांबवता सरळ जवळच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जायचं. पण बेल्टच तुटला असेल तर तेही नाही. बऱ्याच जुन्या गाड्यांत वॉटर पंप त्याच बेल्टवर असतो. टेम्परेचरचा काटा वर चढताना दिसला की तिथेच थांबायचं, नाहीतर हेड गॅस्केटचा खर्च.

हे त्याला शिकवलं कोणी? गाडी शिकवताना क्लच-गिअर शिकवतात, दिव्यांबद्दल कोणी बोलत नाही. आणि चिडायचं मात्र पोरावर.

परवा दुसरा पेपर आहे, तो सिटीलिंक बसने जाणार आहे. दाजी, ब्रशचं बिल तुमच्या नावाने केलंय.