दशमेश अष्टमात असल्याच्या अहवालावरील तक्रारीस उत्तर

ग्राहकाचा अभिप्राय: "पान तीनवर लिहिले आहे की दशमेश अष्टमात असल्यामुळे नोकरीत अडथळे येतील. पान पाचवर गुरूच्या दृष्टीमुळे नोकरीत उत्तम प्रगती, आणि पान सहावर शनीच्या दृष्टीमुळे पुन्हा विलंब. यातले नेमके खरे काय धरायचे? अशी सुटी वाक्ये संगणकाच्या फुकट पत्रिकेतही मिळतात. पैसे वाया गेले."

आदरणीय महोदय,

आपली तक्रार रास्त आहे. आपल्या अहवालात ग्रहांची फळे एकेक करून लिहिली गेली, पण ती एकमेकांत गुंफणारे पान त्यात आले नाही, आणि ही चूक सर्वस्वी आमच्या कार्यालयाची आहे. आपली पत्रिका सार्वजनिक ठिकाणी उघड करणे योग्य नसल्यामुळे, ते पान कसे असायला हवे होते हे मी सरावासाठी वापरतो त्या एका पत्रिकेवर दाखवतो. तिच्यातही दशमेश, म्हणजे नोकरी-व्यवसायाच्या दहाव्या स्थानाचा स्वामी, अष्टमातच, म्हणजे आठव्या स्थानातच आहे.

या पत्रिकेचे लग्न, म्हणजे पहिल्या स्थानाची रास, कन्या. दशमस्थानी मिथुन रास येते, म्हणून दशमेश बुध, आणि कन्येचाही स्वामी तोच असल्यामुळे लग्नेशही बुधच. तो अष्टमात मेषेत, उच्चीच्या रवीबरोबर, त्याच्यापासून तीनेक अंशांवर असल्यामुळे अस्तंगत, म्हणजे रवीच्या तेजात झाकलेला आहे. तूळ राशीत द्वितीयात गुरू, कुंभेत षष्ठात स्वगृहीचा शनी, मीनेत सप्तमात मंगळ आणि चंद्र अनुराधा नक्षत्रात. आज आपल्याला फक्त नोकरीचा प्रश्न पाहायचा आहे, म्हणून बाकीचे ग्रह बाजूला ठेवतो.

पहिली पायरी अशी की "दशमेश अष्टमात" हे वाक्य अजून फलित नाही, ती केवळ एक दिशा आहे. अष्टमस्थान अडथळ्याचे तसेच गुप्त गोष्टींचे, विम्याचे, वारशाचे, दुसऱ्याच्या पैशाचे आणि शोधाचे मानले जाते. यातला कोणता अर्थ घ्यायचा हे दशमेश कोणता ग्रह आहे यावर ठरते. सिंह लग्नाला दशमेश शुक्र अष्टमात गेला तर तो मीनेत, म्हणजे उच्चीचा होतो. तिथे हेच वाक्य वेगळे बोलते, आणि छापील फलितात नेमका हाच फरक पुसला जातो. आपल्या उदाहरणात ग्रह बुध आहे: हिशेब, कागदपत्रे, तपासणी. म्हणून काम विमा दावे, लेखापरीक्षण किंवा कर्जप्रकरणांची छाननी अशा वळणाचे असावे, इथपर्यंत म्हणता येते. बुध अस्तंगत आणि रवी व्ययेश, म्हणजे बाराव्या स्थानाचा स्वामी, असून बलवान, त्यामुळे काम या पत्रिकेच्या माणसाने करावे आणि नाव वरिष्ठाचे व्हावे असा प्रसंग वारंवार येईल.

दुसरी पायरी म्हणजे ज्या राशीत बुध उतरला तिच्या मालकाची स्थिती, कारण पाहुण्याचा पाहुणचार शेवटी घरमालकावरच ठरतो. मेषेचा स्वामी मंगळ सप्तमात, केंद्रात, गुरूच्या मीन या मित्रराशीत आहे. तो सातव्या दृष्टीने लग्नाला आणि चौथ्या दृष्टीने मिथुनेला, म्हणजेच दशमस्थानाला पाहतो. दशमेश अष्टमात आणि अष्टमेशाची दृष्टी दशमावर, अशी दोन्ही बाजूंनी गाठ पडली की अष्टमातले विषय हेच व्यवसायाचे साहित्य होतात. मंगळ दुबळा असता किंवा दशमाशी त्याचा संबंधच नसता, तर मी पहिला, अडथळ्याचा अर्थ पुढे आणला असता.

आता दृष्टींचा प्रश्न, ज्यावर आपला मुख्य आक्षेप आहे. तुळेतला गुरू सातव्या दृष्टीने मेषेतील बुधाला पाहतो आणि नवव्या दृष्टीने मिथुनेला. कुंभेतला शनी तिसऱ्या दृष्टीने त्याच बुधाला पाहतो. अनेक जण इथे शुभ-अशुभाची बेरीज-वजाबाकी करून उत्तर शून्य काढतात, पण दोन दृष्टी एकमेकींना खोडत नाहीत; प्रत्येक दृष्टी आपापल्या स्वामित्वाचा विषय घेऊन येते. गुरू हा चतुर्थ व सप्तम स्थानांचा स्वामी असून द्वितीयात आहे, म्हणून त्याच्याकडून शिक्षण, करार आणि नियमित उत्पन्न येते. कन्या लग्नाला त्याला दोन केंद्रांचे स्वामित्व असल्यामुळे मी त्याला निखळ शुभ मानत नाही. शनी पंचमेश व षष्ठेश असून षष्ठात स्वगृही आहे. तो सेवा, वाद, कर्ज, थकबाकी आणि कष्ट आणतो, आणि स्वगृही असल्यामुळे ते कष्ट पेलण्याची ताकदही देतो.

दोघांपैकी कोण केव्हा बोलेल, हे दशा, म्हणजे आयुष्यात एकेका ग्रहाच्या वाट्याला येणारा काळ, सांगते. चंद्र अनुराधात, म्हणजे जन्मतः शनीची महादशा. नक्षत्राचा अर्धा भाग झाला असेल तर तिच्या 19 वर्षांपैकी साडेनऊ शिल्लक राहतात, त्यानंतर बुधाची 17 वर्षे, म्हणजे वयाच्या साडेनऊ ते साडेसव्वीस. या महादशेत गुरूची अंतर्दशा, म्हणजे तिच्यातला पोटकाळ, साधारण साडेएकविसाव्या वर्षी लागते आणि सव्वादोन वर्षांहून थोडी अधिक चालते. तिच्यामागून शनीची, सुमारे दोन वर्षे आठ महिने. म्हणजे शिक्षण संपून पहिली पगाराची नोकरी गुरूच्या अंतर्दशेत, आणि त्याच कामात थकलेली प्रकरणे, वाद आणि उशिराने मिळणारी बढती शनीच्या अंतर्दशेत. शनी बुधापासून अकरावा आहे, त्यामुळे लाभ होईल, पण घाम गाळून. आपल्या अहवालातील पान पाच आणि पान सहा हे असे एकामागून एक येणारे काळ होते. आम्ही त्यावर वर्षे लिहिली नाहीत, म्हणून ती वाक्ये एकमेकांशी भांडू लागली.

यापलीकडे मी जात नाही. या वाचनातून कामाचे क्षेत्र आणि काळाचा पट्टा मिळतो. पदाचे नाव, पगार किंवा नेमकी तारीख मिळत नाही, आणि ते सांगणाऱ्याकडे मी संशयानेच पाहतो. शिवाय काळाचा पट्टाही जन्मवेळेवर टांगलेला असतो. चंद्र सुमारे एका दिवसात एक नक्षत्र ओलांडतो, म्हणून जन्मवेळेत एका तासाची चूक झाली तर वरच्या उदाहरणातील सगळ्या दशा साडेनऊ महिने पुढे-मागे सरकतात, आणि दहा मिनिटांची चूकही दीड महिन्याहून जास्त फरक पाडते. लग्न राशीच्या कडेला असेल तर मात्र भावच बदलतात आणि सगळे वाचन पुन्हा करावे लागते.

आपल्या नोंदीत जन्मवेळ "सकाळी साडेसहाच्या सुमारास" अशी आहे. त्या "सुमारास"बद्दल आम्ही तेव्हाच विचारायला हवे होते, ते राहून गेले. कृपया रुग्णालयाच्या कागदावरील वेळ आणि नोकरी लागणे, बदली किंवा नोकरी सुटणे अशा झालेल्या दोन घटनांचे महिने कळवावेत. त्या घटना दशेशी जुळतात का हे तपासून, दशमस्थानाचे एकसंध पान वर्षांसह आठ दिवसांत आपल्याला विनाशुल्क पाठवू. घटना जुळल्या नाहीत तर तसे स्पष्ट लिहून पूर्ण रक्कम परत करू.

आपला,
कार्यालयाचा संचालक