सेटलमेंट म्हणजे विक्री नव्हे

"कमिशन ऑनलाइन विक्रीच्या पोर्टलने आधीच कापलंय, मग सेटलमेंट म्हणून बँकेत जमा झालं तेवढीच विक्री धरायची."

असं नाही. रत्नागिरीहून अशा पोर्टलवर आमसुलं विकणाऱ्याचा महिना बघा. जीएसटी तूर्त बाजूला ठेवू. 300 रुपयांची 100 पाकिटं गेली, म्हणजे विक्री 30,000. पाच परत आली, ते 1,500 'विक्री परत' खात्यात. कमिशन 2,850, जाण्या-येण्याचं कुरियर 6,300. बँकेत आले 19,350. वहीत मात्र हे चारही आकडे वेगवेगळे हवेत.

कारण पोर्टल सरकारला भरतं त्या जीएसटीआर-8 या विवरणपत्रात तुमची विक्री परत आलेला माल वजा जाता 28,500 दाखवतं. तुम्ही आपल्या विवरणपत्रात विक्री 19,350 दाखवलीत की तफावत दिसते आणि नोटीस येऊ शकते. शिवाय कमिशन-कुरियरवरच्या जीएसटीचं क्रेडिट हातचं जातं. पोर्टल जो 0.5 टक्का टीसीएस, म्हणजे तुमच्या नावे आधीच भरला जाणारा कर, कापतं तोही खर्च नव्हे, येणं आहे.

खरी गोची परताव्याची. मार्चअखेरच्या ऑर्डरचं पाकीट एप्रिलात परत येतं आणि एप्रिलच्या सेटलमेंटमधून वजा होतं, म्हणून ऑर्डर क्रमांकावरूनच जुळवा. पाकीट ओलं होऊन आलं (आपल्याकडच्या पावसात येतंच), तर ते पुन्हा साठ्यात घेऊ नका; नुकसानीत टाका.