दोन महिन्यांची नोटीस पूर्ण करा आणि वर दोन दिवसांचा पगार कापून घ्या

दोन तारखा घ्यायच्या आणि मधे किती महिने किती दिवस झाले ते सांगायचं, बास, एवढंच काम आहे. आणि एवढं काम धड होत नाही म्हणून लोकांचे पैसे कापले जातात, याचा मला भयंकर राग येतो.

माझ्या मैत्रिणीचं उदाहरण घ्या. तिने 31 डिसेंबर 2022 ला राजीनामा दिला, नोटीस पिरियड दोन महिने, शेवटचा दिवस 28 फेब्रुवारी 2023. 31 तारखेपासून दोन महिने मोजले तर फेब्रुवारीत 31 तारीख येतच नाही, मग महिन्याचा शेवटचा दिवस धरायचा, सरळ हिशोब आहे. पण फुल अँड फायनलच्या वेळी एचआरचं उत्तर काय, तर "मॅडम, सिस्टीममध्ये 1 महिना 28 दिवस दाखवतंय, दोन दिवस शॉर्ट आहेत." आणि दोन दिवसांचा पगार कट! ती म्हणाली कॅलेंडर उघडून बघा ना, जानेवारी पूर्ण केला, फेब्रुवारी पूर्ण केला, अजून काय करायचं बाकी होतं? तर म्हणे सिस्टीम जे दाखवते तेच फायनल.

ती सिस्टीम म्हणजे एक एक्सेल शीट निघाली, आणि त्यात हे होतं:

```
=DATEDIF(A2,B2,"M")
=DATEDIF(A2,B2,"MD")
```

पहिलं पूर्ण महिने देतं, दुसरं वरचे दिवस देतं. आता बघा हे काय करतं. शेवटच्या तारखेतला 28 हा सुरुवातीच्या 31 पेक्षा लहान आहे ना, मग त्याच्या मते दुसरा महिना पूर्णच झाला नाही. फेब्रुवारी अख्खा संपला तरी नाही! मग दिवसांसाठी आधीच्या महिन्याचे म्हणजे जानेवारीचे 31 हातचे घ्यायचे, 28 अधिक 31 वजा 31, आले 28. म्हणून 1 महिना 28 दिवस. मग एचआरने स्वतःच्या मनाने महिना 30 चा धरला आणि म्हणाले 2 कमी. अरे पण हातचे घेताना 31 आणि कापताना 30, हे कुठलं गणित?

आणि खरा संताप तर पुढे आहे. त्याच शीटमध्ये शेवटची तारीख फक्त एक दिवस पुढे न्या, 1 मार्च 2023 करा. आता महिने येतात 2, आणि दिवस येतात उणे 2. हो, -2. 1 अधिक फेब्रुवारीचे 28 वजा 31. म्हणजे आदल्या दिवशी 1 महिना 28 दिवस आणि दुसऱ्या दिवशी 2 महिने उणे 2 दिवस. हे डोळ्यांनी दिसत असताना कुणी माणूस त्या शीटवर विश्वास ठेवून दुसऱ्याचा पगार कसा काय कापू शकतो? आणि ही काही लपलेली गोष्ट नाहीये, मायक्रोसॉफ्टने स्वतःच्या हेल्प पेजवर लिहून ठेवलंय की "MD" वापरू नका, उत्तर निगेटिव्ह, शून्य किंवा चुकीचं येऊ शकतं. हे फंक्शन जुन्या लोटस 1-2-3 च्या शीट्स चालाव्यात म्हणून ठेवलेलं आहे. तरी लोक कुठूनतरी कॉपी करतात, पेस्ट करतात आणि त्यावर पगार ठरवतात.

शाळेतल्या पद्धतीने हाताने वजाबाकी करणारेही काही कमी नाहीत. ते डोळे झाकून 30 हातचे घेतात, मग त्याच 28 फेब्रुवारीला 1 महिना 27 दिवस येतात. म्हणजे एकाच नोटीसची तीन उत्तरं, आणि ज्याच्या हातात पेन त्याचं उत्तर खरं. महिना हा दिवसांचा ठरलेला गठ्ठा नाहीच आहे मुळात! 31 डिसेंबर ते 28 फेब्रुवारी 59 दिवस भरतात, 1 जुलै ते 31 ऑगस्ट दोन्ही धरून 62. दोन्ही दोन महिनेच आहेत. तुम्हाला 60 दिवस हवे होते तर करारात 60 दिवस लिहायचं होतं, महिने लिहून मग दिवस मोजत बसायचं नाही.

यावर वरच्या कोर्टापर्यंत भांडणं गेलेली आहेत. इंग्लंडमध्ये डॉड्स विरुद्ध वॉकर म्हणून केस झाली, 1981 चा निकाल आहे. भाडेकरूला नोटीस मिळाली 30 सप्टेंबर 1978 ला, कोर्टात अर्ज करायला मुदत चार महिने. त्याने अर्ज केला 31 जानेवारीला, का तर सप्टेंबरचा शेवटचा दिवस म्हणजे जानेवारीचाही शेवटचा दिवस असं धरलं. हाउस ऑफ लॉर्ड्सने सांगितलं की मुदत 30 जानेवारीलाच संपली. नियम असा, की शेवटच्या महिन्यातली तीच तारीख धरायची, आणि ती तारीख त्या महिन्यात नसेल तरच महिन्याचा शेवटचा दिवस. एका दिवसाने अर्ज गेला त्या माणसाचा. इतकं महत्त्वाचं असतं हे आणि आमच्याकडे "सिस्टीम दाखवते" म्हणून विषय संपवतात!

बरं हाच नियम शीटमध्ये बसवणं काही अवघड नाहीये. A2 मधे सुरुवात, B2 मधे शेवट, आणि हे टाका:

```
C2: =(YEAR(B2)-YEAR(A2))*12+MONTH(B2)-MONTH(A2)
D2: =C2-(EDATE(A2,C2)>B2)
E2: =B2-EDATE(A2,D2)
```

D2 मधे पूर्ण महिने, E2 मधे उरलेले दिवस (E2 मधे तारीख दिसली तर फॉरमॅट नंबर करा). हातचे घ्यायची भानगडच नाही, मूळ तारखेत महिने मिळवत जायचं आणि शेवटच्या तारखेपर्यंत जे उरतं ते दिवस. 28 फेब्रुवारीला 2 महिने 0 दिवस, 1 मार्चला 2 महिने 1 दिवस. फक्त दरवेळी मूळ तारखेतच मिळवा, एकेक महिना पुढे ढकलत जाऊ नका, कारण 31 जानेवारीत महिना मिळवला की 28 फेब्रुवारी येते आणि तिच्यात अजून एक मिळवला की 28 मार्च, तीन दिवस गायब. कर्जाच्या हप्त्यांच्या तारखा अशाच सरकतात आणि मग मुदत कधी संपते त्यावरून वाद. मान्य आहे, या पद्धतीत 28, 29, 30 आणि 31 डिसेंबर या चारही तारखांचे दोन महिने 28 फेब्रुवारीलाच संपतात. पण निदान सगळ्यांना एकच नियम लागतो आणि तो आधी सांगता येतो.

अजून एक, एक्सपिरियन्स लेटर. 1 एप्रिल 2020 ला जॉइन, 31 मार्च 2023 शेवटचा दिवस, आणि लेटरवर 2 वर्षं 11 महिने 30 दिवस! अरे तो शेवटचा दिवस माणसाने काम केलंय ना, मग तो मोजा, शेवटच्या तारखेत 1 मिळवा आणि मग हिशोब करा, पूर्ण तीन वर्षं येतात. वय काढताना हा एक मिळवायचा नाही, कारण तिथे वाढदिवसालाच वर्ष पूर्ण होतं, पण नोकरीत पहिला आणि शेवटचा दोन्ही दिवस भरलेले असतात. जिथे तीन वर्षांचा अनुभव मागतात तिथे त्या एका दिवसावरून फॉर्म रिजेक्ट होतो, आणि लेटर बदलून मागितलं की परत तेच ऐकायचं, सिस्टीममधून आलंय.

मैत्रिणीने आता ती शीट, दोन्ही तारखांची उत्तरं आणि मायक्रोसॉफ्टच्या त्या पेजचा स्क्रीनशॉट असा मेल टाकलाय. उणे दोन दिवस म्हणजे नेमके कुठले दोन दिवस, हे त्यांनी कॅलेंडरवर बोट ठेवून दाखवावं, नाहीतर कापलेला पगार परत करावा.